अ‍ॅपेक्स लोकेटर 12 मिमीवरच 'अ‍ॅपेक्स' दाखवतोय – विश्वास कशावर ठेवू?

पूर्वभाग

नमस्कार. मी सोलापुरात पूर्व भागात छोटा दवाखाना चालवते. अ‍ॅपेक्स लोकेटर, म्हणजे रूट कॅनॉल करताना मुळाची लांबी विजेवर मोजणारं यंत्र, घेऊन चार महिने झाले. परवा एका दाढेत अडकले आहे. ज्यांना अनुभव आहे त्यांनी मार्ग दाखवावा, आणि दंतवैद्य नसलेल्यांनाही वाचायला हरकत नाही, कारण मूळ प्रश्न त्यांनीच मला विचारला होता.

पेशंट 54 वर्षांच्या मावशी, विडी वळतात. खालची उजवी पहिली मोठी दाढ. जुनी चांदी भरलेली, तिच्या खाली मागच्या बाजूला कीड. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी ही दाढ उघडून औषध ठेवलं होतं, पुढे मावशी गेल्याच नाहीत. एक दिवस बुडाला की हजार विड्यांची मजुरी जाते, त्यामुळे त्यांना बोलावताना मलाही दहादा विचार करावा लागतो.

सुरुवातीच्या एक्स-रेवर कस्पपासून, म्हणजे दाढेच्या वरच्या उंचवट्यापासून, मुळाच्या टोकापर्यंत पुढचं मूळ साडेवीस आणि मागचं वीस मिमी भरलं. पुढच्या मुळातले दोन्ही कॅनॉल मिळाले, लोकेटरने दोन्हीकडे साडेएकोणीस सांगितलं. हे पटण्यासारखं आहे. मागच्या मुळात ऑरिफिस, म्हणजे कॅनॉलचं वरचं तोंड, अरुंद होतं, शोधायला वेळ लागला, थोडं गेट्सच्या ड्रिलने रुंद केलं. मग 10 नंबरची जांभळी फाइल घातली तर 12 मिमीवर पडद्यावर थेट 'अ‍ॅपेक्स'! लिप क्लिप बदलली, फाइल बदलली, मशीन बंद करून सुरू केलं. पुन्हा 12. थोडं रक्तही दिसलं.

मावशींची मुलगी सोबत होती. तिने विचारलं, "मॅडम, मशीन लांबी सांगतं तर परत एक्स-रे कशाला?" खरं सांगते, चार महिने मीही हेच म्हणत होते. साध्या दाढांना फाइल घालून काढायचा एक्स-रे मी जवळजवळ सोडून दिला होता. त्या दिवशी कापूस ठेवून तात्पुरतं बंद केलं आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं.

आता मशीन खोटं बोलतंय असं धरू, की मूळच 12 मिमीचं आहे असं?

---

सातरस्ता

ताई, मूळ 12 चं नसणारच. तुम्हीच एक्स-रेवर वीस मोजलंय. हा ओलाव्याचा खेळ आहे. लोकेटर वापरताना कॅनॉल हाडासारखा कोरडा हवा. हायपो, म्हणजे कॅनॉल धुवायचं द्रावण, राहिलं असेल तर आकडा लवकर येतो. पेपर पॉइंटने, म्हणजे कागदाच्या बारीक वातीने, चांगलं सुकवा, बरोबर वीसच्या आसपास येईल. बारा वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये माझे नव्वद टक्के गोंधळ इथेच सुटलेत.

आणि पडद्यावर 0.5 आलं की थांबायचं, म्हणजे टोकापासून अर्धा मिमी आत. इतकं नेमकं कुठला एक्स-रे सांगतो? मी तर मधला एक्स-रे कधीच काढत नाही.

---

कडक_भाकरी

मी डॉक्टर नाही. पण "एक्स-रे कशाला" वाचून थांबलो. मागच्या महिन्यात माझ्या एका दाढेला चार एक्स-रे काढले. कडक भाकरी चावताना दाढ तडकली होती, तिचं रूट कॅनॉल. चार वेळा तोंडात ते सेन्सर का काय घातलं, प्रत्येक वेळी ओकारी. मशीन पण लावलं होतं ओठाला हूक अडकवून. मग चार एक्स-रे म्हणजे बिल वाढवणं नाही का ओ? आणि रेडिएशनचं काय?

---

जुनी_फाइल

पूर्वभाग, आधी तुझ्या प्रश्नाला हात घालते. मी रूट कॅनॉलचंच काम करते, आणि लोकेटर आला तेव्हापासून वापरते.

मशीन खोटं बोलत नाहीये. तू त्याला जे विचारत नाहीस त्याचं उत्तर ते देतंय, एवढंच. लोकेटरला मुळाचं टोक माहीत नसतं. फाइलचं टोक दाताभोवतीच्या पडद्याला, म्हणजे पिरिऑडॉन्टल लिगामेंटला, विजेच्या दृष्टीने जोडलं गेलं की नाही एवढंच त्याला कळतं. 1942 मध्ये सुझुकींना कुत्र्यांवर प्रयोग करताना दिसलं की हा पडदा आणि तोंडातली त्वचा यांच्यातला रोध जवळपास ठरलेला असतो. 1962 मध्ये सुनादांनी त्यावरूनच मोजण्याची पद्धत बसवली, साडेसहा किलो-ओहमच्या आसपास. आजची यंत्रं दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सीवरच्या रोधांचं गुणोत्तर बघतात, पण मूळ प्रश्न तोच: पडद्याला पोचलो का?

आता विचार कर. मुळाच्या टोकातून बाहेर पडलीस तरी पडदा. मुळाच्या बाजूला भोक पडून बाहेर पडलीस तरी पडदाच. मशीन दोन्हीकडे तेच दाखवणार, आणि दोन्हीकडे ते बरोबरच असणार. कुठे पोचलो हे त्याच्या कामात बसत नाही. ते एक्स-रेच सांगतो.

मला तीन गोष्टी कळव. आकडा कसा आला, हळूहळू पट्ट्या उतरत आल्या की काहीच नव्हतं आणि 12 वर धाडकन शेवट? पेपर पॉइंटवर रक्त टोकाला लागलं की बाजूला? आणि मागच्या भिंतीला चांदी अजून शिल्लक आहे का?

---

पूर्वभाग

मॅडम, धन्यवाद. आकडा धाडकन आला. 11.5 ला काहीच नाही, 12 ला सगळं संपलं. रक्त पेपर पॉइंटच्या एका बाजूला, आणि टोकाला नाही. हे तुम्ही विचारल्यावरच आठवलं, तेव्हा मी त्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. चांदी आहे अजून, मागच्या भिंतीला पातळ पट्टी उरली आहे.

---

जुनी_फाइल

मग माझा संशय सांगते, पण तो तपासायचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण सातरस्त्यांचंही अर्धं खरं आहे.

सातरस्ता सर, कॅनॉल हाडासारखा कोरडा करायची सवय जुन्या यंत्रांच्या काळातली. त्यांना ओलावा चालतच नव्हता. दोन फ्रिक्वेन्सीच्या यंत्रांना कॅनॉलमध्ये थोडा ओलावा हवाच असतो. कोरड्या ठणठणीत, अरुंद कॅनॉलमध्ये आकडा उलट अडखळतो. कोरडी हवी ती वरची पोकळी. हायपो काठोकाठ भरलं, ते कीड लागलेल्या भिंतीवरून हिरडीला टेकलं की करंट तिथूनच निघून जातो. चांदीला फाइल टेकली तरी तेच. पण या दोन्ही प्रकारांत आकडा फाइल आत शिरताशिरताच उडतो आणि हलत राहतो, 8 वर म्हणतो, 10 वर म्हणतो, परत मागे जातो. पूर्वभागचा आकडा एकाच खोलीवर, दर वेळी, ठाम आहे. ओलावा असा ठाम नसतो.

तरीही आधी चांदी पूर्ण काढ, कीड साफ कर, मागची भिंत कॉम्पोझिटने उभी कर, रबर डॅम लाव. मग पुन्हा मोज. आकडा बदलला तर चांदी किंवा गळती. 12 च राहिला तर फाइल तिथेच ठेवून एक्स-रे. 10 ची फाइल एक्स-रेवर पुसट दिसते, 15 ची जात असेल तर ती घाल.

आणि एक नाही, दोन एक्स-रे. एक सरळ, एक ट्यूब पुढच्या दातांकडे वीसेक अंश सरकवून. सरळ एक्स-रेमध्ये जिभेच्या बाजूची आणि गालाच्या बाजूची वस्तू एकावर एक पडते. भोक जिभेच्या बाजूला असेल तर फाइलचं टोक मुळाच्या सावलीतच दिसेल आणि तुला वाटेल सगळं ठीक आहे.

---

होटगीरोड

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, पण मशीनचाच आहे म्हणून इथे विचारतो. वडिलांना पेसमेकर बसवलाय. त्यांचं रूट कॅनॉल करायचंय. डॉक्टर म्हणाले लोकेटर लावणार नाही, एक्स-रेवरच करू. म्हणजे काम कच्चं होणार का?

---

जुनी_फाइल

होटगीरोड, तुमच्या डॉक्टरांनी विचारलं हेच चांगलं झालं. लोकेटर बनवणाऱ्यांच्या पुस्तिकेतच पेसमेकरबद्दल सावधगिरीची सूचना असते. आताच्या पेसमेकरवर झालेल्या चाचण्यांत अडचण सहसा दिसलेली नाही, तरी वडिलांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी लावत नाही. लोकेटर येण्याआधी सगळीच रूट कॅनॉल एक्स-रेवर होत असत. जास्त कोनांतून, जास्त काळजीने करावं लागतं. कच्चं होईलच असं नाही.

कडक_भाकरी, तुमचंही. पहिला एक्स-रे मुळं किती, किती वाकडी, हाड कसं आहे हे बघायला. दुसरा फाइल आत घालून. तिसरा भरायचा गटापर्चा बसवून बघताना, चौथा काम झाल्यावर. डिजिटल सेन्सरच्या एका छोट्या एक्स-रेला काही मायक्रोसिव्हर्ट एवढाच डोस लागतो. जमीन, आकाश, अन्न यांतून माणसाला वर्षभरात सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे रोजचे साडेसहा मायक्रोसिव्हर्ट. त्या मापात चार एक्स-रे काही दिवसांचे झाले. गरज नसताना एकही काढू नये हे मला मान्य आहे. पण तुमच्या चारांपैकी कुठला वगळायला हवा होता ते तुमची दाढ बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. ओकारी येत असेल तर आधी सांगत जा, सेन्सर थोडा मागे-पुढे करून घेता येतो.

---

कडक_भाकरी

बरं वाटलं. तीन नंबरचा काय उपयोग ते कळलं नव्हतं. आता कळलं.

---

बार्शीकर

मॅडमचं पटतंय, पण उलट बाजूही मांडतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल एक्स-रे म्हणजे अंतिम सत्य.

माझ्याकडे पाच वर्षांपूर्वी वरच्या मोठ्या दाढेचा एक पेशंट होता. टाळूकडच्या मुळात लोकेटर 20 म्हणत होता. एक्स-रेवर फाइल टोकापासून दोन मिमी कमी दिसत होती. तेव्हा मशीन नवीन, माझा भरवसा एक्स-रेवर. मी 22 पर्यंत गेलो, तिथपर्यंत भरलं. शेवटच्या एक्स-रेवर काम सुंदर दिसत होतं, कॉलेजात दाखवावं असं. पेशंट मात्र तीन आठवडे चावताना कळ येते म्हणून येत राहिला.

नंतर समजलं ते असं. टाळूकडचं मूळ शेवटी गालाकडे वळतं. एक्स-रे गालाकडूनच आत जातो, त्यामुळे ते वळण आपल्याला दिसतच नाही. आणि कॅनॉलचं तोंड मुळाच्या टोकावरच असतं असं नाही. कुटलर यांनी 1955 मध्ये मुळं कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती, बहुतेक ठिकाणी तोंड टोकापासून बाजूला सरकलेलं निघालं, वय वाढेल तसं जास्तच. त्या पेशंटमध्ये फाइल 20 वरच बाजूच्या तोंडाशी पोचली होती. एक्स-रेवर 'दोन मिमी कमी' दिसत होती ती जागा कॅनॉलची नव्हतीच, नुसत्या मुळाची होती. मी दोन मिमी फाइल हाडात ढकलली.

तेव्हापासून काढलेल्या दातांची एक बरणी ठेवली आहे. कुणी नवीन मुलगा शिकायला आला की आधी भिंगातून तोंडं शोधायला लावतो.

---

सातरस्ता

बार्शीकर, हेच तर मी म्हणतोय! मशीन बरोबर, एक्स-रे चूक.

---

बार्शीकर

सर, त्या मुळात मशीन बरोबर होतं. पण त्या दिवशी एक्स-रे काढलाच नसता तर मूळ वळलेलं असू शकतं हा विचारही डोक्यात आला नसता. फरक दिसला तेव्हा त्याचं कारण शोधायचं, हे मी केलं नाही. आकडा बदलला, कारण शोधलं नाही.

---

जुनी_फाइल

बार्शीकरांनी माझं काम केलं. मी शिकवताना असंच सांगते: दोन्हींत एक मिमीच्या आत फरक असेल तर लोकेटरचं ऐका. त्यापेक्षा जास्त फरक असेल तर कुणाचंच ऐकू नका, आधी फरक का आहे ते शोधा.

सातरस्ता सर, 0.5 बद्दल राहिलं होतं. पडद्यावरचा 0.5 म्हणजे अर्धा मिलिमीटर असं धरू नका. तो नुसता मापाचा खूण-आकडा आहे. एका मुळात 0.5 ते 0 मधलं अंतर पाव मिमी असेल, दुसऱ्यात पाऊण. विश्वासार्ह रेघ एकच, जिथे 'अ‍ॅपेक्स' लागतं ती. तिथपर्यंत फाइल न्यायची, रबर स्टॉप कस्पला टेकवायचा, फाइल काढून पट्टीवर मोजायची आणि मग त्यातून अर्धा मिमी कमी करायचा. स्टॉप तिरका बसला तर तिथेच अर्धा-एक मिमी जातो, आणि दोष मशीनला लागतो.

---

सातरस्ता

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कंपनीचा माणूस डेमो द्यायला आला तेव्हा "0.5 वर थांबा" एवढंच म्हणाला होता. बारा वर्षं तेच करतोय. जुन्या केसेस काढून बघतो.

पण मधल्या एक्स-रेवर माझं मत तेवढं बदललेलं नाही. आकडा स्थिर, मूळ सरळ, सुरुवातीच्या एक्स-रेशी जुळतंय, तर गटापर्चा बसवून जो काढतो तोच पुरेसा. तिथे चूक दिसली तर दुरुस्त करायला वेळ असतोच.

---

जुनी_फाइल

समोरच्या एकमुळी दातात, तुम्ही म्हणता तशा अटी जुळल्या तर, यावर मी भांडणार नाही. माझ्या ओळखीचे काही चांगले लोक तसंच करतात. मोठ्या दाढेत मी करत नाही. कारण गटापर्चा बसवेपर्यंत कॅनॉल पूर्ण रुंद झालेला असतो. लांबी दीड मिमी जास्त धरली असेल तर शेवटचं अरुंद तोंड तोपर्यंत फाटून जातं, आणि गटापर्चा टेकायला जागाच राहत नाही. दुरुस्तीला वेळ असतो, पण दुरुस्त करायची जागा गेलेली असते.

---

पूर्वभाग

मॅडम, सर, सगळ्यांना. मावशी काल आल्या होत्या. सविस्तर लिहिते.

चांदी आणि कीड पूर्ण काढली, भिंत उभी केली, रबर डॅम लावला. पोकळी कापसाने टिपली. पुन्हा 12, तसंच धाडकन. म्हणजे चांदीही नाही आणि गळतीही नाही. फाइल तशीच ठेवून दोन एक्स-रे काढले.

सरळ एक्स-रेमध्ये फाइलचं टोक मागच्या मुळाच्या सावलीतच होतं, फक्त पुढच्या कडेला जरा जवळ. खरं सांगते, एकटा तोच बघितला असता तर मी 'कॅनॉल मध्येच बंद आहे, पुढे जात नाही' असं ठरवून जोर लावला असता. ट्यूब पुढे सरकवून काढलेल्यात मात्र टोक मागच्या मुळाच्या पुढच्या कडेबाहेर, दोन मुळांच्या मधल्या हाडात डोकावत होतं. ट्यूब पुढे नेली आणि टोकही पुढेच सरकलं, म्हणजे ते जिभेच्या बाजूला आहे. तुमचा संशय खरा ठरला. परफोरेशन आहे, दोन मुळांच्या मधल्या जागेकडे, जिभेच्या अंगाने.

---

जुनी_फाइल

शाबास. आता एक बघ. ज्या ऑरिफिसमधून तू आत गेलीस ते मुळाच्या मध्यावर होतं की जिभेकडे?

---

पूर्वभाग

जिभेकडे. मध्यापासून बराच सरकलेला.

---

जुनी_फाइल

मग खरा कॅनॉल गालाच्या बाजूला आहे. खालच्या दाढेच्या मागच्या मुळात एकच कॅनॉल असेल तर त्याचं तोंड मध्यावर असतं. तोंड एका बाजूला सापडलं की दुसऱ्या बाजूला काहीतरी आहे असं समजायचं. तळाच्या रंगाकडे बघ, गडद रेघ असते, तिच्या मागे जा. बर नको, 10 ची फाइल टोकाला किंचित वाकवून. हायपो जोराने सोडू नकोस, भोकातून हाडात गेलं तर सूज आणि भयंकर वेदना. सिरिंजचं टोक सैल ठेवून हळू.

आणि खरा कॅनॉल सापडला तरी पहिल्या आकड्यावर विसंबू नकोस. दोन्ही वाटा ओल्या असतील तर करंट भोकातून निघून जातो, आणि खऱ्या कॅनॉलमधली फाइलसुद्धा लवकर 'अ‍ॅपेक्स' म्हणते.

---

पूर्वभाग

तुम्ही सांगितलेलं सगळं कालच वाचायला मिळालं असतं तर! तरी देवाने सुचवलं आणि काल मी तेच केलं, भिंगाचा चष्मा लावून. गडद रेघ गालाकडे जात होती. वाकवलेली फाइल तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात आत घसरली, आणि कळलं की हाच. हाताला वेगळंच लागतं, बाजूंना धरून आत जाणारं.

पहिला आकडा खरोखरच चुकीचा आला, 15 आणि हलता. पेपर पॉइंटने दोन्ही वाटा टिपल्या. मग पट्ट्या एकेक करत उतरल्या आणि साडेएकोणीसवर 'अ‍ॅपेक्स' लागलं. तीन वेळा मोजलं, तीनदा तेच. अर्धा कमी करून 19 धरलं. पुन्हा दोन कोनांतून एक्स-रे. टोक मुळाच्या टोकापासून एक मिमी आत, दोन्ही एक्स-रेंत मुळाच्या मधोमध.

भोक बंद करायला एमटीए सिमेंट वापरलं. खऱ्या कॅनॉलमध्ये गटापर्चा ठेवून, म्हणजे ती वाट बुजणार नाही, बाजूला एमटीए हळू दाबलं, वर ओला कापूस, आणि तात्पुरतं बंद. पुढच्या मुळाचे दोन्ही कॅनॉल रुंद करून झाल्यावर पुन्हा मोजले, एक साडेएकोणीसचा एकोणीस झाला. वाकड्या कॅनॉलची वाट सरळ झाली की लांबी कमी होते, हे वाचलं होतं. आता डोळ्यांनी पाहिलं.

भोक माझ्या गेट्सने पडलं, की दोन वर्षांपूर्वी उघडलं तेव्हाच होतं, हे मला ठरवता येत नाही. रक्त ताजं होतं. मधल्या हाडात एक्स-रेवर काळी सावली नाही. त्यावरून माझाच हात लागला असावा असं वाटतं. मावशींना आणि त्यांच्या मुलीला मी तसंच सांगितलं. सरकवून काढलेला एक्स-रे पडद्यावर दाखवला. मुलगी म्हणाली, "म्हणजे याच्यात दिसलं, मशीनमध्ये नाही." या एक्स-रेंचे पैसे मी लावले नाहीत.

---

बार्शीकर

सावली नाही म्हणजे नवीन असण्याची शक्यता जास्त, पण खात्रीने म्हणता येणार नाही. लहान, निर्जंतुक राहिलेलं जुनं भोकही सावलीशिवाय असू शकतं. स्वतःला एवढा दोष लावून घेऊ नका. मुळांच्या मधल्या जागेजवळचं भोक टिकायला अवघड, पण लहान आहे आणि लगेच बुजवलंय, हे दोन मुद्दे तुमच्या बाजूचे.

---

जुनी_फाइल

टिकेल की नाही हे आज सांगता येणार नाही. दर वेळी दोन मुळांच्या मध्ये हिरडीत प्रोब घालून खोली मोज. एकाच जागी अचानक खोल जायला लागला तर भोक आणि हिरडी जोडली गेली असं समज. आणि आजच्यासारखाच सरकवलेल्या कोनातून एक्स-रे काढ, नाहीतर पुढे तुलना करता येणार नाही. किती अंश सरकवलं ते लिहून ठेवलंयस ना?

---

पूर्वभाग

अंश लिहिले नव्हते. आत्ता केस पेपरवर लिहिते: ट्यूब पुढे, वीस अंश, आणि सेन्सर कुठे टेकवला त्याचं छोटं चित्र काढते. गुरुवारी एमटीए घट्ट झालंय का बघून तिन्ही कॅनॉल भरणार. सहा महिन्यांनी पहिला तपासणीचा एक्स-रे. ती तारीख जानेवारीत येते. मावशी म्हणाल्या, गड्ड्याच्या आधी बोलवा, यात्रा सुरू झाली की आमच्या घरी पाहुणे असतात.